à¤® म्हणजे म : ईमेलमधली मराठी कुठे बिघडते

मेल उघडावी आणि मराठी मजकुराच्या जागी हे दिसावे:

```
à¤®à¤°à¤¾à¤ à¥€
```

बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो ‘मराठी फॉन्ट नाही वाटतं’ असा. मग फॉन्ट शोधणे, उतरवून घेणे, संगणक बंद करून पुन्हा चालू करणे असा खटाटोप होतो आणि चिन्हे जागची हलत नाहीत. हलणारही नाहीत, कारण इथे फॉन्टचा काही दोषच नाही. वरची ओळ म्हणजे ‘मराठी’ हाच शब्द आहे. त्यातले एकही अक्षर हरवलेले नाही; तो फक्त भलत्या तक्त्यावरून वाचला गेला आहे.

मेलमधली मराठी काही मोजक्याच तऱ्हांनी बिघडते आणि प्रत्येक तऱ्हेचा कचरा वेगळा दिसतो. कुठे à आणि ¤ यांची रांग, कुठे नुसती प्रश्नचिन्हे, कुठे रिकामे चौकोन, तर कुठे `ejkBh` असली अगम्य इंग्रजी अक्षरे. कचरा नीट निरखला की बिघाड पाठवणाऱ्याकडे आहे की आपल्याकडे, आणि मजकूर परत मिळेल की नाही, हे बहुतेक वेळा सांगता येते. यातला सर्वांत जास्त भेटणारा आणि सर्वांत सहज दुरुस्त होणारा प्रकार वर दाखवला आहे, म्हणून त्याच्याकडेच आधी पाहू.

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. युनिकोड नावाच्या जागतिक तक्त्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक दिलेले आहेत. १९९१ साली आलेल्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी तिथे आहे. त्यात ‘म’चा क्रमांक २३५०. पण संगणकाच्या साठवणुकीतला एक घर, म्हणजे एक बाइट, ० ते २५५ एवढाच आकडा धरू शकतो. २३५० त्यात मावत नाही. म्हणून तो तीन बाइटांत विभागून ठेवण्याची एक रीत आहे, तिचे नाव यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ मध्ये तयार केली आणि आज जवळजवळ सगळे इंटरनेट तिच्यावर चालते. या रीतीने ‘म’ होतो २२४, १६४, १७४. ‘र’ होतो २२४, १६४, १७६. काना हे वेगळे चिन्ह धरतात, तो २२४, १६४, १९०. ‘ठ’ २२४, १६४, १६० आणि दुसरी वेलांटी २२४, १६५, १२८. म्हणजे ‘मराठी’ या शब्दाचे पाच वर्ण आणि पंधरा बाइट.

आता हे पंधरा आकडे अशा प्रोग्रामच्या हाती पडले की ज्याला वाटते हा मजकूर पश्चिम युरोपातल्या भाषांचा आहे. त्याच्याकडे विंडोज-१२५२ नावाचा जुना तक्ता आहे आणि त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर असा साधा हिशेब आहे. एकाच क्रमांकाची बस पुण्यात एकीकडे नेते आणि मुंबईत भलतीकडेच, तसे इथे होते. त्या तक्त्यात २२४ म्हणजे à, १६४ म्हणजे ¤, १७४ म्हणजे ®. झाला ‘म’चा à¤®. देवनागरीच्या १२८ क्रमांकांपैकी पहिल्या ६४ वर्णांची सुरुवात २२४, १६४ ने होते आणि उरलेल्या ६४ वर्णांची २२४, १६५ ने. म्हणून सगळी मूळ व्यंजने à¤ ने सुरू होतात आणि बऱ्याच मात्रा à¥ ने. एकदा हे डोळ्यांत बसले की दहा फुटांवरून ओळखता येते: à¤ दिसले, म्हणजे आत देवनागरी आहे.

प्रश्न एवढाच उरतो की मेल वाचणाऱ्या प्रोग्रामला तक्ता चुकीचा का वाटला.

मेल ही इंटरनेटपेक्षा जुनी रीत. १९८२ साली तिचे नियम लिहिले गेले तेव्हा इंग्रजी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे मिळून फक्त १२८ चिन्हे तिच्यातून जातील असे ठरले होते. बाकीच्या जगाची सोय १९९२ मध्ये झाली. मजकुराच्या आधी एक सूचना लिहायची, की आतली अक्षरे कोणत्या तक्त्यातली आहेत, आणि १२८ पलीकडचे बाइट साध्या इंग्रजी अक्षरांच्या वेषात पाठवायचे. ती सूचना वाचकाला दिसत नाही. मेलच्या मूळ प्रतीत ती अशी असते:

```
MIME-Version: 1.0
Content-Type: text/plain; charset="UTF-8"
Content-Transfer-Encoding: base64
```

मधल्या ओळीतला `charset` हा शब्द म्हणजे सगळ्या कथेचे मर्म. तो नसला तर मेल उघडणारा प्रोग्राम अंदाज बांधतो. चुकीचा असला तर मुकाट्याने चुकीचे वाचतो. जीमेलवरून जीमेलला लिहिलेल्या मेलमध्ये हा घोळ होत नाही, कारण सूचना तिथे आपोआप आणि बरोबर लिहिली जाते. घोळ होतो तो माणसाने न लिहिलेल्या मेलमध्ये: पावत्या, आठवणीची पत्रे, संकेतस्थळावरच्या अर्जाची पोच.

एका सार्वजनिक वाचनालयाचे उदाहरण घेऊ. सभासदत्वाच्या नूतनीकरणाची आठवण करून देणारी मेल तिथला प्रोग्राम आपोआप पाठवतो. विषयाची ओळ स्वच्छ मराठीत येते आणि आतला मजकूर मात्र à¤ à¤ à¤. सभासद चक्रावतात: विषय दिसतो, मग मजकूर का नाही? म्हणजे आपल्याच फोनमध्ये काहीतरी बिघाड असणार!

उलट आहे. विषय नीट दिसतो याचा अर्थ फोन ठणठणीत आहे. मेलमध्ये विषयाची ओळ आणि मजकूर यांच्या सूचना वेगवेगळ्या लिहाव्या लागतात, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने एक नीट लिहिली, दुसरी नाही. खात्री करायची असेल तर संगणकावर जीमेल उघडा, त्या मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जा आणि `Show original` निवडा. फोनवरच्या ॲपमध्ये ही सोय नाही. वाचनालयाच्या मेलमध्ये तिथे अशी ओळ सापडते:

```
Content-Type: text/html; charset=iso-8859-1
```

हा `iso-8859-1` म्हणजे पश्चिम युरोपाचा तक्ता. बहुतेक प्रोग्राम त्याचा अर्थ विंडोज-१२५२ असाच घेतात. मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्ये आणि त्यावर चिठ्ठी मात्र युरोपची. ही ओळ इतक्या ठिकाणी का सापडते, याचेही कारण गमतीचे आहे. पीएचपी या संगणकीय भाषेच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत मेल कशी पाठवावी याचे जे उदाहरण होते, त्यात वर्षानुवर्षे नेमकी हीच ओळ छापलेली होती. जगभरच्या प्रोग्रामरांनी ती जशीच्या तशी उचलली. इंग्रजी मजकूर दोन्ही तक्त्यांत सारखाच दिसत असल्यामुळे चूक कोणाच्या लक्षातही आली नाही. ती उघडी पडते ती कोणी मराठीत लिहू लागले की.

दुरुस्ती एका शब्दाची आहे: `iso-8859-1` काढून तिथे `UTF-8` लिहायचे. विषयाच्या ओळीची रीत वेगळी. तिच्यात तक्त्याचे नाव आणि वेषांतर केलेली अक्षरे एकत्र बांधतात. ‘मराठी’ एवढाच विषय असेल तर मूळ प्रतीत तो असा दिसतो:

```
Subject: =?UTF-8?B?4KSu4KSw4KS+4KSg4KWA?=
```

बेस६४ नावाच्या या वेषांतरात तीन बाइटांची चार अक्षरे होतात. देवनागरीचा वर्णही तीन बाइटांचाच, त्यामुळे हिशेब सुरेख जुळतो: `4KSu` म्हणजे म, `4KSw` म्हणजे र. मात्र अशा एका गाठोड्याची लांबी ७५ अक्षरांपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. त्यात देवनागरीचे जेमतेम १५ वर्ण बसतात, तेही काना-मात्रा वेगळे मोजून. विषय लांब असेल तर अनेक गाठोडी करावी लागतात, आणि प्रोग्रामने वर्णाच्या मधोमध कापले तर त्या जागी � हे काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. लांब विषयात मध्येच एखादे अक्षर सडलेले दिसते ते यामुळे.

या वेषांतराचा आणखी एक उपयोग आहे. `Show original` मध्ये मराठी विषय `4KS` किंवा `4KW` ने सुरू होत असेल, तर मजकूर पाठवणाऱ्याकडून निघताना शाबूत होता. तो `w6DC` ने सुरू होत असेल तर मामला वाईट आहे. याचा अर्थ मेल तयार होण्याआधीच, बहुधा डेटाबेसमध्ये, मराठीचा à¤ झाला होता आणि मग त्या à¤ लाच खरी अक्षरे समजून वर यूटीएफ-८ ची चिठ्ठी लावली गेली. इथे मेलची सूचना कितीही बदलली तरी काही होणार नाही. डेटाबेसची जोडणी दुरुस्त करावी लागते.

हे झाले पाठवणाऱ्याचे काम. आपल्या हातात आलेल्या मेलचे काय?

थंडरबर्ड वापरणाऱ्यांना `View` मध्ये `Repair Text Encoding` मिळते, तेवढ्यावर बहुधा भागते. जुन्या आउटलुकमध्ये मेल स्वतंत्र खिडकीत उघडून `Actions`, `Other Actions`, `Encoding` असे जात `Unicode (UTF-8)` निवडता येते. जीमेलमध्ये `Show original` च्याच पानावर मूळ प्रत उतरवून घेण्याची सोय आहे. ती फाइल थंडरबर्डमध्ये उघडावी.

यातले काहीच जवळ नसेल तर विंडोजचे नोटपॅड पुरते. कचरा कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, `Save As` करताना खाली `Encoding` मध्ये `ANSI` निवडा, फाइल बंद करा आणि पुन्हा उघडताना `UTF-8` निवडा. यात आपण संगणकाची चूक उलट दिशेने करतो. चिन्हांचे पुन्हा त्याच जुन्या तक्त्याने बाइट झाले आणि ते बाइट या वेळी योग्य रीतीने वाचले गेले.

पण कॉपी केलेला मजकूर सगळाच परत येईल असे नाही, आणि मराठीला याचा फटका जरा जास्तच बसतो. विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच घरे रिकामी आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. दुर्दैवाने हलन्ताचा तिसरा बाइट १४१ आहे आणि पहिल्या उकाराचा १२९. ‘ए’, ‘ऐ’ आणि ‘झ’ हेही उरलेल्या रिकाम्या घरांत पडतात. या जागी पडद्यावर काहीच दिसत नाही, आणि एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना न दिसणारे चिन्ह गळून पडू शकते. मग ‘महाराष्ट्र’ परत येतो तो असा:

```
महाराष�ट�र
```

दोन्ही हलन्त गेले. ‘ठ’चे दुखणे आणखी वेगळे. त्याचा तिसरा बाइट १६० म्हणजे ‘न तुटणारी मोकळी जागा’, आणि कॉपी करताना अनेक ठिकाणी तिची साधी मोकळी जागा होते. दोन्ही दिसतात सारख्याच. पण साधी झाली की ‘ठ’ गेला आणि ‘मराठी’ची ‘मरा� ी’ होते. सुदैवाने मराठी वाचणाऱ्याला अशी गाळलेली अक्षरे अंदाजाने भरता येतात. नावे, पत्ते आणि सर्वेक्षण क्रमांकाशेजारच्या गावांची नावे मात्र अंदाजाने भरू नयेत. म्हणून कॉपी करण्यापेक्षा मूळ प्रत उतरवून घेणे केव्हाही चांगले.

प्रश्नचिन्हांची गोष्ट अशी नाही. मजकुरात नुसते `?????` असेल, तर वाटेत कोणीतरी मराठी अक्षरे देवनागरी नसलेल्या तक्त्यात कोंबायचा प्रयत्न केला आणि न बसणाऱ्या प्रत्येक वर्णाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवले. ‘मराठी’ची बरोबर पाच प्रश्नचिन्हे होतात. पाच वर्णांच्या दुसऱ्या कोणत्याही शब्दाचीही पाच… त्यामुळे त्यांतून मागे जाण्याचा रस्ता नाही. कोणताही फॉन्ट, कोणताही बदलक ते परत आणू शकत नाही. पाठवणाऱ्याकडून मजकूर पुन्हा मागवणे हाच उपाय, आणि त्यात वेळ घालवू नये. याउलट रिकामे चौकोन दिसत असतील तर निर्धास्त राहावे: मजकूर पूर्ण शाबूत आहे, फक्त त्या यंत्रात देवनागरीचा फॉन्ट नाही. सगळ्या प्रकारांत फॉन्टचा दोष खरोखर असतो तो एवढ्याच ठिकाणी. आजच्या फोनवर आणि विंडोजवर देवनागरी आधीपासून असते, त्यामुळे हे चौकोन आता जुन्या यंत्रांपुरतेच उरले आहेत.

दिवाळी अंकांच्या संपादकांना मात्र सर्वांत जास्त छळतो तो `ejkBh` हा प्रकार. हा बिघाड नाहीच. युनिकोड रुळण्याआधी, आणि छपाईच्या धंद्यात त्यानंतरही बराच काळ, मराठी टंकलेखन ज्या फॉन्टांत झाले त्यांत इंग्रजी अक्षरांच्या घरात देवनागरीची चित्रे बसवलेली होती. कृतिदेवमध्ये e च्या घरात ‘म’चे चित्र, j च्या घरात ‘र’चे, B च्या घरात ‘ठ’चे. फाइलमध्ये खरोखर `ejkBh` हीच इंग्रजी अक्षरे आहेत. त्यांना मराठीचा पोशाख फॉन्ट चढवतो. मेलमध्ये मजकूर चिकटवला की पोशाख गळतो. इथे तक्ता बदलून काही उपयोग नाही, कारण तक्ता बरोबरच आहे.

तो फॉन्ट बसवून वर्डमध्ये मजकूर वाचता येतो, पण शोधता येत नाही आणि पुन्हा कुठे पाठवला की रडगाणे सुरू. म्हणून तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. त्यासाठी मूळ फॉन्ट कोणता हे कळणे आवश्यक असते, कारण शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव यांचे घरवाटप एकमेकांशी जुळत नाही. बदललेल्या मजकुरात पहिली वेलांटी आणि रफार आवर्जून तपासावेत. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि ‘हिन्दी’ हा शब्द `fgUnh` असा साठवला जातो, त्यातला f म्हणजे वेलांटी. युनिकोडमध्ये तीच वेलांटी उच्चाराच्या क्रमाने ‘ह’नंतर येते. बदलक प्रोग्राम जोडाक्षरापाशी या अदलाबदलीत हमखास अडखळतात.

एक जागा उरली: जोडलेली फाइल. आपल्या वाचनालयाने सभासदांची यादी `.csv` म्हणून पाठवली, मेल स्वच्छ दिसली, आणि यादी एक्सेलमध्ये उघडताच पुन्हा à¤! इथे मेलचा संबंध नाही. अशा फाइलला तक्त्याची सूचना लिहायला जागाच नसते, म्हणून दोनदा क्लिक करून उघडली की विंडोजवरचे एक्सेल आपला जुना तक्ता धरते. रिकामी वही उघडून `Data` मधल्या `From Text/CSV` मार्गाने फाइल आणावी आणि `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` निवडावे. आपण पाठवणारे असू तर साठवतानाच `CSV UTF-8` हा प्रकार निवडावा. त्यात फाइलच्या आरंभी तीन बाइटांची एक खूण बसते आणि तिच्यामुळे एक्सेलला योग्य तक्ता कळतो. चुकीची उघडलेली यादी मात्र त्याच नावाने साठवू नये, कारण मग à¤ हाच फाइलचा खरा मजकूर होतो.

आणि अशी मेल पुन्हा आली तर मुकाट्याने खोडून टाकू नका, पाठवणाऱ्याला कळवा. पडद्याचे छायाचित्र पाठवले तर ‘आमच्याकडे तर नीट दिसतं’ असे उत्तर येण्याची दाट शक्यता असते. म्हणून `Show original` मधून उतरवलेली मूळ प्रत सोबत जोडा आणि `charset` असलेली ओळ पत्रातच उतरवून काढा. ती ओळ प्रोग्रामरच्या नजरेस पडली की दुरुस्तीला पाच मिनिटे पुरतात, आणि तुमच्यासोबत त्या यादीतल्या प्रत्येक सभासदाची मेल नीट होते.